मेळाव्याची पोस्ट आणि पाठमोरी पोरं

खडूवाला

परवा आमच्या शाळेत बाल आनंद मेळावा झाला. पोरांनी मेथी, शेवगा, भेळ, उकडलेल्या शेंगा, लिंबूसरबत, सगळं विकलं. रात्री जागून शाळेच्या पानावर ३८ फोटो आणि मजकूर टाकला. सकाळी एका आईचा फोन, "गुरुजी, माझ्या लेकीचे फोटो काढा." कारण सांगेनात. काढले. आता आमच्या केंद्रात नवीन टूम निघाली आहे, मुलांचे चेहरेच दाखवायचे नाहीत. मग काय दाखवायचं, चपला? चेहऱ्यावर बदाम आणि पिवळे गोळे चिकटवलेले फोटो मला बघवत नाहीत. मजकुरात मी एकाही पोराचं नाव घातलं नव्हतं. एवढंच लिहिलं होतं: "वडिलांचं छत्र हरपलेल्या, आजोळी राहून शिकणाऱ्या आमच्या तिसरीतल्या चिमुकलीने एकटीने ३४० रुपयांची भेळ विकली. सलाम तिच्या जिद्दीला!" यात कुणाचं काय बिघडलं? चेहरा न दाखवता मेळावा दाखवून द्या कुणीतरी, मग बोलू.

रानजाई

गुरुजी, तुमच्या पटावर ४१ पोरं आहेत असं मागच्या धाग्यात तुम्हीच म्हणाला होतात. म्हणजे तिसरीत मुली चार, फार तर पाच. त्यातली वडील नसलेली किती? आणि आजोळी राहणारी? नाव तेवढं सोडून तुम्ही त्या पोरीचं सगळं सांगितलंत. गावातल्या माणसाला तिचा चेहरा बघायची गरजच नाही. शिवाय जी गोष्ट तिने वर्गात मैत्रिणीलाही सांगितली असेल की नाही कोण जाणे, ती तुम्ही चव्हाट्यावर मांडलीत. भेळ विकली तिने आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर हरपलेलं छत्र.

म्हणून चेहऱ्याआधी मी मजकुराचं बोलते. मोठ्या शहरातल्या शाळेत 'तिसरीतली एक मुलगी' म्हटलं तर शंभरात एक असते. आपल्याकडे इयत्ता आणि घरची एक खूण सांगितली की बोट थेट दारापर्यंत जातं. 'ऊसतोडीहून परत आलेला विद्यार्थी', 'शेळ्या राखून शिकणारी', 'दोन्ही कानांनी ऐकू न येणारा तरीही', हे सगळं आपण कौतुकानेच लिहितो. मीही लिहिलंय. आता लिहून झालं की एक करते, गावातल्या पोस्टमनच्या नजरेने वाचते. त्याला घर सापडलं की वाक्य खोडायचं.

तेच तुमचं वाक्य मी असं लिहिलं असतं: "भेळेचं दुकान सव्वाअकरालाच रिकामं झालं. उशिरा आलेल्या सरांना मालकीणबाई म्हणाल्या, भेळ संपली, नुसती चिंचेची चटणी राहिलीय, दोन रुपयांना देते. सरांनी घेतली." यात इयत्ता नाही, घर नाही, तरी पोर डोळ्यांसमोर उभी राहते. 'सलाम तिच्या जिद्दीला' म्हटल्यावर ती दिसत नाही, तुम्ही दिसता.

आता फोटो. बदाम वाईट दिसतात हे मलाही मान्य. पण बदाम चिकटवायची वेळ का येते? तर फोटो काढताना आपण "ए, इकडे बघा रे" म्हणतो म्हणून. आधी चेहरे गोळा करायचे आणि मग रात्री ते झाकत बसायचं. मी 'इकडे बघा' म्हणणंच सोडलं. आमची शाळा द्विशिक्षकी, पट २३. गेल्या मेळाव्याचे मी सहाच फोटो टाकले.

एक शाळेच्या गच्चीवरून. सतरंज्या, पताका, मधे गर्दी, डोकी मुंग्यांएवढी. दुसरा तराजूचा. एका पारड्यात शेवग्याच्या शेंगा आणि दुसऱ्यात दगड, कारण पावशेराचं वजन हरवलं होतं आणि पोरांनी दुकानातून दगड तोलून आणला होता. तिसरा भाव लिहिलेल्या पाटीचा, १० खोडून ८, ८ खोडून ५. चौथ्यात डब्यातली चिल्लर मोजणारी बोटं. पाचवा रांगेचा, पाठीमागून काढलेला. रिबिनी, एकीची सुटलेली वेणी, टाचा उंचावून आत डोकावणारा एक जण. सहाव्यात एका आजीबाईंचा हसरा चेहरा, नातवाने त्यांच्याकडूनही पैसे घेतले तेव्हाचा. मोठ्यांचा चेहरा विचारून दाखवता येतो, आणि मेळाव्यातला आनंद त्यांच्या तोंडावरही असतोच की. या पोस्टला गावातून जेवढ्या प्रतिक्रिया आल्या तेवढ्या आधी कधी आल्या नव्हत्या. सगळ्यात जास्त बोलले लोक त्या दगडावर.

खडूवाला

'तुम्ही दिसता' हे झोंबलं. तीस वर्षं खडू झिजवतोय, स्वतःला मिरवायला पोस्ट टाकत नाही. आणि दगडाचा फोटो काढून शाळेचा पट वाढत नाही. रस्त्यापलीकडे इंग्रजी माध्यमाची बस येते, त्यांच्या पानावर टाय लावलेली गोजिरी पोरं हसताना दिसतात. जूनमध्ये पालक ते बघून जातात. तुमची सुटलेली वेणी बघून कोण प्रवेश घेणार?

बाईट_बहाद्दर

किती ताणताय! फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा, फोटो एकदा व्हॉट्सॲपवरून फिरवून घ्या, आतली माहिती गळून जाते. एखाद्या पालकाला नको असेल तर त्या पोराच्या तोंडावर फोनमधल्याच पेनाने काळं फिरवा. दोन मिनिटांचं काम. विषय संपला.

रानजाई

फिरवून घेण्याचं बरोबर आहे, पण फोटो म्हणून पाठवला तरच. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर काढलेली जागा, वेळ सगळं जसंच्या तसं जातं. आणि आपले शिक्षक 'फोटो फाटतो' म्हणून हमखास डॉक्युमेंटच करतात. पण मुळात लोकेशन लपवून करायचंय काय? शाळेच्या पानावर शाळेचं नाव, गाव, तालुका वर लिहिलेलंच असतं. जागा सगळ्यांना माहीत आहे. त्या जागी कोण बसतं हे सांगायचं नाही, एवढंच आहे.

आणि एकाच पोराच्या तोंडावर काळं? चाळीस उघड्या चेहऱ्यांत एक झाकलेला असला की सगळं गाव विचारतं, "ही कोण आणि हिचंच का झाकलं?" झाकलं म्हणजे बोट दाखवलं. त्यापेक्षा तो फोटोच टाकू नका. शिवाय फोनमधलं ते जाड पेन बऱ्याचदा हायलायटर असतं, म्हणजे आरपार. चार वेळा फिरवून काळं दिसलं तरी फोटो उजळ केला की खालचा चेहरा वर येतो. माझ्याकडून झालंय. बालविवाह रोखलेल्या एका मुलीचा फोटो असाच झाकून मी कार्यालयात पाठवला होता. तिथल्या पोराने गंमत म्हणून उजळ करून मला दाखवला, तेव्हा पोटात गोळा आला. झाकायचंच तर पूर्ण भरीव चौकोन ठेवा आणि त्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो पाठवा.

कोर्टाची_पायरी

इथे मूळ मुद्दाच कुणी बोलत नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा वाचा. १८ वर्षांखालचं मूल म्हणजे पालकांची संमती हवीच, नाहीतर २०० कोटी दंड. आणि बाल न्याय कायद्याच्या ७४ कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत आत. म्हणजे मुलांचे फोटो टाकणं हा सरसकट गुन्हा आहे. खडूवाले गुरुजी, तुम्ही ३८ गुन्हे केलेत.

खडूवाला

२०० कोटी? आमच्या शाळेचं वीजबिल थकलंय वकीलसाहेब. हप्ते चालतील का?

पानवाचक

साहेब, दोन कायद्यांची खिचडी झालीय. डेटा कायद्यात दंड आहे, तुरुंग नाही. २०० कोटी ही कमाल मर्यादा, 'पर्यंत' हा शब्द तुम्ही गाळलात. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि संमतीच्या तरतुदी त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. ७४ कलम तर चौकशी आणि खटल्यांच्या बातम्यांविषयी आहे. त्यातली मुलं कोण, तर कायद्याशी संघर्ष झालेली, काळजी-संरक्षणाची गरज असलेली, पीडित किंवा साक्षीदार. शेंगा विकणाऱ्या पोरांना ते लागत नाही.

पण तुम्ही ते कलम काढलंच आहे तर त्यातली यादी गुरुजींनी जरूर वाचावी. नाव, पत्ता, शाळा आणि ओळख पटेल असा कुठलाही इतर तपशील. पोक्सोच्या २३ व्या कलमातही नाव, पत्ता, छायाचित्र यांच्या जोडीला घरच्यांचे तपशील, शाळा, शेजारपाजार हे सगळं आहे. ओळख म्हणजे नुसता चेहरा, असं कायद्यानेसुद्धा मानलेलं नाही. रानजाई पोस्टमन म्हणतात तो हाच.

कोर्टाची_पायरी

'पर्यंत' गाळला, मान्य. बाकी तत्त्व तेच. आणि मी दिवाणी बाजूचा वकील आहे, प्रत्येक कलम तोंडपाठ असायला मी काही गाईड नाही.

क्लिक_भाऊ

मी गॅदरिंगची शूटिंग करतो, १२ वर्षं झाली. फोटोचं काय घेऊन बसलात, व्हिडिओत बघा काय होतं ते. पोरांच्या तोंडावर मेकअप, डोक्यावर फेटा, ओळखूही येत नाहीत. पण माइकवर बाई काय म्हणतात? "आता रंगमंचावर येत आहे इयत्ता दुसरीची कुमारी अमुक तमुक तमुक." पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट! ते आवाजात राहतं. एका शाळेने मला चेहरे धूसर करायला लावले, दोन रात्री घालवल्या, आणि आवाज तसाच ठेवून यूट्यूबवर चढवला. मीच फोन करून सांगितलं. म्हणाले, राहू द्या आता. आणि त्या धूसर करायच्या कामाचे पैसे अजून दिलेले नाहीत. दोन वर्षं होतील. शाळांचा हा एक वेगळाच धागा निघेल.

तुम्हाला चार सेकंदांचा नाच दाखवायचा असेल तर मूळ आवाज बंद करून वर नुसती ढोलकी लावा. लेझीम असेल तर कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. पाय, घुंगरू, उडणारी माती. ते चेहऱ्यापेक्षा भारी दिसतं. हे मी ओळख लपवायला म्हणून सांगत नाहीये, धंद्यातलं सांगतोय. स्टेजवरची पोरं कॅमेरा दिसला की घाबरून आईला शोधतात, पाय मात्र ठेका सोडत नाहीत.

रानातला_मास्तर

मला हा सगळा धागाच पटत नाही. मी पारधी वस्तीवरच्या पोरांना शिकवतो. या पोरांचे, यांच्या बापांचे फोटो आजवर कुठे छापून आले? चोरीच्या बातमीत. पाठमोरे, बुरखा घातलेले, पोलिसांच्या मधे. माझी पोरगी तालुक्याला धावण्यात पहिली आली तेव्हा मी तिचा हसरा चेहरा मोठ्ठा करून टाकला, नाव आणि आडनावासकट. तिच्या आईने तो शेजारच्या गावात नेऊन दाखवला. तुम्ही म्हणता पाठमोरे काढा. आमच्या पोरांना जन्मभर पाठमोरंच ठेवलंय लोकांनी. ज्यांचे चेहरे सगळीकडे झळकतात त्यांना झाकण्याची चैन परवडते.

रानजाई

दादा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या पोरीच्या जागी मीही चेहराच टाकला असता, तिला विचारून. पण ती एक मुलगी, एक विजय, आणि आई-बापाची खुशी तुम्ही स्वतः ऐकलेली. गुरुजींच्या ३८ फोटोंत चाळीस पोरं होती आणि विचारलं कुणालाच नव्हतं.

रानातला_मास्तर

विचारलं होतं, हे खरं. पण ती तेव्हा दहा वर्षांची होती. दहा वर्षांची पोर मास्तरला नाही म्हणते का? हेही खरं. बघा बुवा.

घाटमाथा

शिक्षिका नाही, शाळेशी संबंध नाही. पण गुरुजींनी लिहिलंय 'कारण सांगेनात', म्हणून लिहिते.

माझी बहीण नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून पोराला घेऊन रातोरात निघाली. माहेरी आली नाही, कारण तो आधी तिथेच आला असता. दुसऱ्या जिल्ह्यात मावशीकडे राहिली, पोराला तिथल्या शाळेत घातलं. कुणालाच काही सांगितलं नाही. काय सांगणार, नवीन गावात पहिल्याच दिवशी मास्तरांना? आठ महिने सुरळीत गेले. मग शाळेची आषाढीची दिंडी निघाली आणि पोराला विठ्ठल केला. कपाळी टिळा, मुकुट, कमरेवर हात. शाळेने कौतुकाने फोटो टाकला, मागच्या फलकावर शाळेचं नाव. कुणीतरी कुणाला दाखवला. चौथ्या दिवशी तो शाळेच्या फाटकात उभा होता. शिपाईमामांनी आत सोडला नाही म्हणून निभावलं. बहिणीने पुन्हा गाव बदललं, पोराचं ते वर्ष हातचं गेलं.

मास्तरांचा दोष म्हणत नाही. त्यांना माहीत नव्हतं. पण ज्यांना सांगता येत नाही तेच कारण सांगत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

खडूवाला

ताई, हे वाचून गप्प बसलो होतो. माझ्याकडची ती आई... नाही, इथे नाही लिहीत.

निवृत्त_केंद्रप्रमुख

भावना समजल्या. पण एक बाजू कुणी मांडत नाही. फोटो शिक्षक हौसेने काढत नाहीत, वरून मागतात. उपक्रम झाला की पुरावा. मी केंद्रात असताना मलाच ते मागावे लागत. फोटो नाही तर उपक्रम झालाच नाही. आणि का मागायचो तेही ऐका, काही शाळा मेळावा कागदावरच घ्यायच्या. एकीने तर मागच्या वर्षीचेच फोटो पाठवले होते. पोरांचे स्वेटर बघून ओळखलं, मेळावा म्हणे एप्रिलमधला!

चौथी_ब

अहो सर, त्या पुराव्यानेच तर जीव नकोसा केलाय. २०१६ च्या नोव्हेंबरातला तो सेल्फीचा जीआर विसरलात? दहा-दहा पोरांच्या गटाबरोबर गुरुजींनी सेल्फी काढून सरल या सरकारी पोर्टलवर टाकायचा, म्हणजे गळती थांबते म्हणे. तेव्हाही मुलींच्या फोटोंचं काय, म्हणून ओरड झाली आणि ते बारगळलं. आता लिंक बदलल्या, मागणी तीच. झाड लावलं फोटो, हात धुतले फोटो, पुस्तक वाचलं फोटो. पुस्तक वाचणाऱ्या पोराला मी "थांब, पान उलटू नको" म्हणते. वाचायचं कधी मग?

निवृत्त_केंद्रप्रमुख

पुराव्यासाठी पाठवलेला फोटो कार्यालयात जातो, चव्हाट्यावर नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

चौथी_ब

कार्यालयात जातो म्हणजे कुठे जातो? तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर! २५० माणसं, त्यातले कितीतरी बदलून गेलेले, दोघे पत्रकार, एक पुस्तकविक्रेता. त्यालाच तुम्ही कार्यालय म्हणत होतात. आमच्या पोरांचे फोटो त्या पुस्तकवाल्याच्या जाहिरातीत निघाले होते, त्याचं काय झालं पुढे?

निवृत्त_केंद्रप्रमुख

ते मी असताना नव्हतं झालं. विनाकारण व्यक्तिगत होऊ नका.

चौथी_ब

आणि वह्यावाटप! यावर कुणी का बोलत नाही? एका मुलाच्या हातात सहा वह्या, त्या वह्यांना धरलेले अकरा दाते, मागे फलक 'गरजू व होतकरू विद्यार्थ्यांना'. मेळाव्याच्या फोटोत पोर निदान विक्रेता असते, इथे ती भिकारी दिसते. माझ्या वर्गातल्या एका मुलाने वही घेतली आणि फोटोच्या वेळी बाकाखाली लपला. दात्यांनी वही परत मागितली. सहा वह्यांपैकी एक. मी माझ्या पर्समधून दिली.

बाईट_बहाद्दर

देणगीदार फोटो मागणारच ना. फुकट कोण देतं? आमच्या मंडळाने १०० दप्तरं दिली, पावती म्हणून सभासदांना काय दाखवणार?

चौथी_ब

दप्तरं दाखवा. शंभर दप्तरं ओळीने भिंतीला टेकवून ठेवा, शेजारी मंडळाची माणसं उभी करा. काय कमी पडतं? गरीब पोराचं तोंड कमी पडतं, बरोबर?

बाईट_बहाद्दर

ओ मॅडम, तोंड सांभाळून. मंडळातली निम्मी पोरं झेडपीतच शिकलीत.

चौथी_ब

मग त्यांना आठवत असेल बाकाखाली कसं वाटतं.

पानवाचक

वह्या राहू द्या घटकाभर. रानजाई, तुमच्या सहा फोटोंतला सहावा मला खटकला. आजीबाई विचारून दाखवल्यात, ठीक. पण वर लिहिलंत 'नातवाने पैसे घेतले'. पट २३. तुमचा तो पोस्टमन आजीला ओळखत नाही का? आजी दिसली की नातू दिसला.

रानजाई

...बरोबर आहे. फोटो आणि ओळ वेगवेगळे तपासले, एकत्र वाचलेच नाहीत. नुसती हसणारी आजी चालली असती, 'नातू' शब्दाने घोटाळा केला. बदलते. लोकांना शहाणपण सांगायला मी पुढे, चला.

क्लिक_भाऊ

शाळेचा आणखी एक घोटाळा सांगू? पाठमोरे घ्या म्हणता, पण खेळाच्या टीशर्टवर पाठीवरच नाव छापलेलं असतं. आणि चित्रांचं प्रदर्शन म्हणून भिंतीचा फोटो काढतात, खाली उजव्या कोपऱ्यात प्रत्येक चित्रावर नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक. वर्गात काढला तर मागे फळा. मोठा करून बघा एकदा, काय काय वाचता येतं.

खडूवाला

बरं. कालची पोस्ट खाली उतरवली. तुमच्या सगळ्यांच्या दहशतीखाली नवीन लिहिली, घ्या:

"मेळावा दहाला सुरू होणार होता, पण मेथीवाल्यांनी नवालाच दुकान मांडलं. साडेनवाला जुडी दहा रुपयांना होती, अकराला पाच रुपयांना, आणि बाराला 'घ्या हो, घरी नेऊन आई रागावेल' या भावात. लिंबूसरबतवाल्यांत भांडण झालं, साखर कुणी जास्त घातली यावरून. तोडगा म्हणून दोन पिंप झाली, एक गोड, एक आंबट. आंबट आधी संपलं. भेळ सव्वाअकराला गेली. शेवटी डब्यांतले पैसे मोजले, ६,८४० रुपये भरले. गुरुजींच्या हिशेबात ६,८३५. पोरांचा हिशेब बरोबर निघाला."

सोबत चार फोटो: गच्चीवरून मैदान, दोन पिंपं, मेथीची पाटी, भेळेच्या दुकानापुढची पाठमोरी रांग. झालं समाधान? आनंद दिसतो का यात, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर चेहऱ्याची सर नाही. पण ती साखरेची गोष्ट आधीच्या पोस्टमध्ये लिहायची राहून गेली होती, एवढं कबूल करतो. चेहरे होते म्हणून लिहावंसं वाटलं नसावं.

रानजाई

पाच रुपयांचा हिशेब झकास. हे वाचून मी त्या शाळेत पोर घातलं असतं.

बाईट_बहाद्दर

गुरुजी, एक मिनिट. चौथा फोटो मोठा करून बघा. भेळेच्या दुकानाला पैसे घ्यायचा क्यूआर कोड चिकटवलाय. आत्ता माझ्या फोनने स्कॅन केला, घरच्या माणसाचं पूर्ण नाव आलं आणि खाली आयडीत मोबाइल नंबर. नाव इथे लिहीत नाही. पण तुमच्या पोस्टमनला पाकीटही मिळालं आणि फोनही.

खडूवाला

काढला. त्या कोडवर मामाचं नाव असेल, म्हणजे आजोळ. अरे देवा. ऑनलाइन पैसे घ्यायला मीच शिकवलं होतं, व्यवहारज्ञान म्हणून.

बाईट_बहाद्दर

दोन मिनिटांचं काम नाही म्हणा हे. पण लोकेशन बंद ठेवाच.

पानवाचक

आता एक प्रश्न, भांडण नको. आधीच्या ३८ फोटोंचं काय? पोस्ट उतरवली, पण पालकांच्या ग्रुपवर गेले असतील, स्टेटसला लागले असतील.

खडूवाला

गेलेत. सात-आठ जणांच्या स्टेटसला मीच पाहिले, एका मामाने तर खाली 'आमची परी, ३ री' लिहून टाकलंय. त्याला काय सांगू? त्याचीच भाची आहे. ग्रुपवर विनंती टाकली, तीन अंगठे आले. यापुढे ग्रुपवरही नाही, छापील फोटो शाळेच्या व्हरांड्यात लावायचे असं ठरवलंय, ज्याला हवा त्याने येऊन न्यावा. छपाईचा खर्च शाळेच्या सादिल अनुदानातून बसतो का, केंद्रप्रमुख सांगतील.

निवृत्त_केंद्रप्रमुख

बसवता येईल. पावतीचा फोटो ठेवा.

चौथी_ब

!!!

खडूवाला

आणि हो, ती आई आज शाळेत आली होती. म्हणाली, गच्चीवरच्या फोटोची एक प्रिंट मिळेल का. दिली. कारण मी विचारलं नाही.

चौथी_ब

छान. आता वह्यांचं बोला.